दोन प्रती कमी

खुर्चीवाल्यांचं वर्कशॉप, त्यातली शिलाईची चार यंत्रं, मागची गोदामाची शेड आणि ही सगळी जागा गहाण ठेवून उभा केलेला त्यांचा संसार सध्या दोन झेरॉक्सवर लटकत होता. त्या झेरॉक्स अस्तित्वात नव्हत्या, आणि भानगड तीच होती.

एका नव्या सभागृहाला त्यांनी सहाशे बारा खुर्च्या दिल्या होत्या. खुर्च्या चांगल्या होत्या. बसल्यावर करकरत नव्हत्या, उठल्यावर आपोआप मिटत होत्या, आणि कापड सहज पेट न घेणारं होतं. कापड तसं असल्याचा दाखला पाच प्रतींत द्यायचा, असं करारात लिहिलं होतं. खुर्चीवाल्यांनी तीन दिल्या. तिसरी प्रत छापता छापता मशीनची शाई संपली आणि ते म्हणाले, "तीन पुरेत. वाचतंय कोण."

वाचलं. खुर्च्या नऊ दिवस उशिरा पोचल्या होत्या, त्यामुळे सभागृहाच्या संस्थेने सगळंच वाचायला घेतलं, आणि महिन्याभराने पत्र आलं. पत्रात दोन मागण्या होत्या. पहिली कलम सतराखाली, नऊ दिवसांच्या उशिराबद्दल, दर दिवसाला ठरलेल्या दराने. ती वाचून खुर्चीवाले हळहळले. दुसरी कलम अठराखाली, दाखल्याच्या दोन प्रती कमी दिल्याबद्दल. ती वाचून ते खाली बसले, आणि बसताना मागे खुर्ची नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कलम अठरातला आकडा सगळ्या खुर्च्यांच्या किमतीपेक्षा थोडा जास्तच होता.

"तुम्ही यावर सही केलीत," वकीलबाई म्हणाल्या.

वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथे पक्षकारांसाठी एक लाकडी खुर्ची होती. तिचा डावा मागचा पाय आखूड आहे हे खुर्चीवाल्यांना बसताक्षणी कळलं होतं. एरवी त्यांनी तिथेच पाचर ठोकून दिली असती. आज ते तसेच कलते बसून राहिले.

"केली. सगळेच करतात मॅडम. पंचवीस पानं होती."

"वाचलीत?"

"किमतीचं पान वाचलं."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि कलम अठरा मोठ्याने वाचलं. 'पुरवठादाराने या करारातील कोणत्याही अटीचा, लहान वा मोठा, कोणत्याही प्रकारे भंग केल्यास खालील रक्कम एकरकमी देय होईल. सदर रक्कम हा नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज असून तो दंड नाही, हे उभय पक्षांस मान्य आहे.'

"आता बघा," त्या म्हणाल्या. "करार मोडला की समोरच्याचं जे नुकसान होतं ते भरून द्यायचं. मूळ गोष्ट एवढीच. तुम्हाला शिक्षा करणं हा हेतूच नाही. करार पाळला गेला असता तर तो ज्या जागी असता, त्या जागी त्याला पैशाने नेऊन बसवायचं. पण नुकसान सिद्ध करत बसणं कटकटीचं असतं. म्हणून लोक आधीच बसून अंदाज करतात, उशीर झाला तर दिवसाला इतकं जाईल, आणि तो आकडा करारात घालतात. ही ठरीव भरपाई. अशी असेल तर द्यावी लागते, त्यांना नुकसानीची एक पावतीसुद्धा दाखवावी लागत नाही."

"कलम सतरा."

"कलम सतरा. त्याला जोडलेला तक्ता मी बघितला. सभागृहाचं दिवसाचं भाडं, नोकरांचा पगार, विजेचा ठरलेला आकार. व्यवस्थित आहे. तो भरा."

"पण मॅडम, त्या नऊ दिवसांतल्या चार दिवशी त्यांच्याकडे कार्यक्रमच नव्हता. मी बोर्ड बघून आलोय."

"तरी भरा. नुकसान कमी झालं म्हणून तुम्हाला सूट नाही, आणि जास्त झालं असतं तरी उशिरापोटी त्यांना वरचं मागता आलं नसतं. दोघांनी आधी सौदा केला तो हाच."

खुर्चीवाल्यांना हे पटलं. खुर्चीचा दर ठरला की मग कुणी बारीक बसो की जाड बसो, दर बदलत नाही.

"आणि अठरा?"

"अठराचा वास मला वेगळा येतोय. हजार गोष्टींपैकी कुठलीही चुकली तरी तोच आकडा. खुर्च्या आल्याच नाहीत तरी तोच, आणि झेरॉक्स कमी पडली तरी तोच. हा अंदाज कशाचा म्हणायचा? असा आकडा समोरच्याचं नुकसान भरायला नसतो, तुमच्या मानेवर ठेवायला असतो. त्याला दंड म्हणतात, आणि दंड कोर्ट वसूल करून देत नाही. फार तर त्यांनी त्यांचं खरं नुकसान सिद्ध करावं आणि तेवढं घ्यावं."

"पण त्यात लिहिलंय ना, दंड नाही म्हणून."

"डब्यावर साखर लिहिलं म्हणून आत मीठ नसतं असं नाही. नाव काय दिलं ते बघतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. सही झाली त्या दिवशी तो आकडा कशाला होता, हे बघतात."

खुर्चीवाल्यांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. तेवढ्यात बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला.

"एकच विचारते, आणि नीट आठवून सांगा. हा आकडा बरोबर आहे, हिशेबाने काढलेला आहे, असं तुम्ही कधी कुठे लिहून दिलंय का? पत्रात, ईमेलमध्ये, कशातही?"

"छे," खुर्चीवाले म्हणाले.

हे त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की बाईंनी मान वर करून पाहिलं. खुर्चीवाले वाकून खुर्चीचा आखूड पाय तपासत होते.

लिहून दिलं होतं. स्वतः, दोन बोटांनी टाइप करून, सहीशिक्क्यासह.

त्याचं असं झालं होतं. खुर्च्यांना फोम पुरवायचं काम त्यांनी धाकट्या मेहुण्याला दिलं होतं. बायकोचा भाऊ, त्याचा फोमचा छोटा धंदा, घरातलं काम घरात, म्हणून दिलं. पण घरातलं असलं तरी कागद हवा, म्हणून सभागृहाचा करार समोर ठेवून त्यांनी फोमचा करार बनवला. बनवला म्हणजे नावं बदलली. या धंद्यात सगळे असंच करतात. वरच्याने आपल्या डोक्यावर जे ठेवलं ते उचलून खालच्याच्या डोक्यावर ठेवायचं, की आपली मान मोकळी. कलम अठरा त्यांनी शब्दनशब्द उतरवून घेतलं, आकड्यासकट. फोमची सगळी ऑर्डर त्या आकड्याच्या अकराव्या हिश्श्याची होती. घाईघाईत दाखल्याच्या पाच प्रतींची अटही उतरली होती, आणि 'सभागृहातील गालिच्यास इजा न करणे' हीसुद्धा, जरी फोम वर्कशॉपपलीकडे जाणार नव्हता.

फोम उशिरा आला. मेहुणा फोन उचलेना. तेव्हा खुर्चीवाल्यांनी बायकोच्या नकळत पत्र धाडलं. वर्कशॉपची सगळी पत्रं बायकोच टाइप करायची. फोमचा करार आणि हे पत्र, एवढं त्यांनी ती बाहेर गेलेली असताना स्वतः केलं. 'कलम १८ मधील रक्कम ही बारकाईने हिशेब करून काढलेला आमच्या नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे, व ती आम्ही पूर्ण वसूल करू.' वाक्य लिहून झाल्यावर त्यांना ते फार भारदस्त वाटलं होतं. आता ते आठवलं की तळपायाला घाम सुटायचा.

पत्र मेहुण्याकडेच आहे, तो कशाला कुणाला दाखवेल, असं ते दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगत. दहापैकी नऊ वेळा पटे.

सुनावणी कोर्टात नव्हती. करारात लवाद नेमायची अट होती. लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश होते, आणि त्यांनी एका व्यापारी इमारतीत तासावर मिळणारी खोली घेतली होती. लांब टेबल, पाण्याचे तांबूस ग्लास, आणि चाकांच्या खुर्च्या. खुर्चीवाले आपल्या खुर्चीत बसले तशी ती हळूहळू खाली गेली. गॅसची नळी गेलेली. हनुवटी टेबलाच्या कडेशी येईपर्यंत ती उतरत राहिली. वर करायचा दांडा कुठे असतो हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आज तो ओढायचं त्यांना धैर्य झालं नाही.

सभागृहाच्या व्यवस्थापकांची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती. त्यांनी फक्त उशिराबद्दल आणि दाखल्यांबद्दल सांगितलं, तेही थोडक्यात. सकाळी मेहुण्याची झाली. फोम किती दिवस उशिरा आला? चार, तो म्हणाला. कळवलं होतं का? नाही. मग तो भिंतीजवळच्या रिकाम्या जागी जाऊन बसला. भावजींकडे त्याने पाहिलं नाही. गेले सहा महिने तो कुठल्याच जेवणाला, वाढदिवसाला घरी आला नव्हता. "धंद्यात अडकलाय," असं खुर्चीवाले बायकोला सांगत.

मग खुर्चीवाल्यांची पाळी आली. समोरचे वकील उठले. मऊ आवाजाचा माणूस, गोड हसणारा. असे लोक दातांच्या दवाखान्यात भेटतात.

"तुम्ही धंद्यात किती वर्षं?"

"बावीस."

"म्हणजे करार तुम्हाला नवे नाहीत. कलम अठरातला आकडा भीती घालायला आहे, त्यात हिशेब नाही, असं तुमचं म्हणणं. बरोबर?"

"हो."

"हे तुमचंच पत्र का?"

कागद टेबलावरून सरकत त्यांच्यापुढे आला. झेरॉक्स होती. शिक्का थोडा तिरका आला होता, मूळ पत्रातही तो तिरकाच होता. खुर्चीवाल्यांचे कान बंद झाल्यासारखे झाले. लांबून वकीलबाई आक्षेप घेताना ऐकू आल्या, हा कागद आम्हाला आधी दिलेला नाही. लवाद म्हणाले, "साक्षीदाराच्या खरेपणापुरता बघतो. पुढे चला." बाई खाली बसल्या आणि मग त्यांनी आपल्या पक्षकाराकडे पाहिलं. त्या नजरेचं बिल वेगळं लागणार होतं.

"वाचा," मऊ आवाज म्हणाला.

खुर्चीवाल्यांनी वाचलं. भारदस्त वाक्य त्यांच्या तोंडून अगदी बारीक होऊन बाहेर आलं.

"हा तोच आकडा. तेच कलम. आणि तुम्ही स्वतः लिहून देता की तो बारकाईने हिशेब करून काढलाय, प्रामाणिक अंदाज आहे. मग मला सांगा, तेव्हा खोटं बोललात की आज खोटं बोलताय?"

खुर्चीवाल्यांनी हिशेब मांडला, आणि या संबंध प्रकरणात त्यांनी खरोखर मांडलेला हा पहिलाच हिशेब. 'तेव्हाचं खरं' म्हटलं, तर आकडा खरा ठरतो आणि वर्कशॉप जातं. मग तोच आकडा मेहुण्याकडून मागायचा. मेहुण्याकडे काय आहे? फोम. आणि 'तेव्हाचं खोटं' म्हटलं, तर आपण सख्ख्या मेहुण्याला खोटं लिहून धमकावलं, हे त्याच्यासमोर, दोन्ही वकिलांसमोर आणि लिहून घेणाऱ्या बाईसमोर कबूल करायचं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मेहुणा पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा फोम दाबून सोडला की हळूहळू वर येतो तसा वर आला होता.

"तेव्हा," खुर्चीवाले म्हणाले.

"काय तेव्हा?"

"तेव्हा खोटं बोललो."

"कशासाठी?"

"घाबरवायला."

"आणि हिशेब?"

"कसला हिशेब. तुमच्या करारावरून उतरवून घेतला. गालिच्यासकट."

समोरचे वकील जरा थांबले. गालिचा त्यांच्या टिपणात नव्हता. मग ते लवादांकडे वळून म्हणाले की साक्षीदार स्वतःच खोटेपणा कबूल करतोय, आणखी काय विचारायचं.

लवादांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीवाल्यांना वाटलं, झालं. खुर्ची आणखी दोन बोटं खाली गेली.

"यांनी फोमवाल्याला काय लिहिलं," लवाद सावकाश म्हणाले, "तो करार माझ्यासमोर नाही. ते पक्ष वेगळे, तो सौदा वेगळा, आणि पत्रही नंतरचं. त्यावरून या कराराचा अर्थ मी लावणार नाही."

खुर्चीवाल्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे वाचलं तसं काहीच नव्हतं, आणि बुडालं तसंही नव्हतं. आपण सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, त्याचा कायद्याला काडीचा उपयोग नव्हता. हे साहेब पाच मिनिटं आधी बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पण ते विचारायची सोय नव्हती.

"मात्र यांनी आकडा कुठून घेतला ते सांगितलं," लवाद पुढे म्हणाले, "तेव्हा मला एक कुतूहल वाटतं. व्यवस्थापक, बसल्या जागीच सांगा, कालच्या शपथेवरच आहात तुम्ही. तुम्ही कुठून घेतलात?"

व्यवस्थापक टापटीप गृहस्थ होते. ते उभे राहिले, मग बसल्या जागी सांगायचं आठवून खाली बसले.

"आमच्या आधीच्या करारातून, सर."

"कशाचा करार?"

"छताचा."

"संपूर्ण छताचा?"

"हो सर. सभागृहाच्या."

"आणि छताच्या करारात तो आकडा कोणी काढला?"

"माझ्या आधी जे होते त्यांनी असेल. किंवा त्यांच्या आधीच्यांनी. फाइलमध्ये तसंच होतं."

"काही तक्ता? कलम सतराला जोडलाय तसा?"

"सतराचा मी स्वतः केलाय सर, तीन दिवस बसून." व्यवस्थापकांच्या आवाजात पहिल्यांदा अभिमान आला. "अठराला नाही."

"बरं. दाखल्याच्या दोन प्रती कमी पडल्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

व्यवस्थापकांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकील छताकडे बघत होते.

"झेरॉक्स काढल्या, सर. आमच्याच मशीनवर."

समोरचे वकील लगबगीने उठले. आगीपासून लोकांचा जीव वाचवणं ही क्षुल्लक बाब नाही, ते म्हणाले, या बाबतीत संस्थेने कडक राहणं रास्त आहे, आणि दोन जाणत्या व्यापाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून सह्या केल्यात. हे ते फार चांगलं बोलले. खुर्चीवाल्यांना क्षणभर पटलंही, आणि पटलं म्हणून ते आणखी घाबरले.

"रास्त आहे," लवाद म्हणाले. "कापडच पेट घेणारं असतं तर तुमचं कडक असणं मी समजलो असतो, आणि फक्त त्यासाठीच मोठा आकडा ठेवला असतात तर त्याचा वेगळा विचार केला असता. पण तुमच्या कलमाला पेटणारं कापड आणि दोन झेरॉक्स सारख्याच. नंतर काय घडलं ते सोडा, सहीच्या दिवशीच ते तसं होतं. युक्तिवाद लेखी द्या. निर्णय टपालाने येईल."

वकीलबाई जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी 'आहे का' विचारलं की 'आहे' म्हणा. असलेलं मी सांभाळीन. नसलेलं म्हणून सांगितलेलं सांभाळता येत नाही." आणि रिक्षात बसून गेल्या.

पायऱ्यांवर मेहुणा उभा होता. दोघे बराच वेळ रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत राहिले, जणू त्यातली एखादी त्यांनी बोलावलेली होती.

"पत्र त्यांच्याकडे कसं गेलं?" खुर्चीवाल्यांनी शेवटी विचारलं.

"मीच नेलं."

"तू?"

"व्यवस्थापकांना दाखवायला, भावजी. म्हटलं, तुमच्यामुळे आमचे भावजी माझ्या मुळावर उठलेत, त्यांना जरा सोडा, म्हणजे ते मला सोडतील. ते म्हणाले, बघतो, बसा. चहा दिला. आणि तेवढ्यात आत जाऊन झेरॉक्स काढली असणार."

"त्यांचं मशीन चांगलं चालतं," खुर्चीवाले म्हणाले.

मेहुणा हसला नाही. "मला वाटलं, हिशेब करूनच काढला असेल. तुम्ही सगळं मोजून करता. खिळेसुद्धा. मी म्हटलं, आपल्या चार दिवसांनी एवढं नुकसान होतं यांचं, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. घरातलं विकून किती येईल ते मी दोनदा काढून बघितलं."

"फोन उचलला असतास तर."

"उचलणार होतो. मशीन बंद पडलं त्या दिवशीच कळवणार होतो, की दुसरीकडून फोम घ्या. कलम अठरा वाचलं आणि फोन खाली ठेवला. म्हटलं, कळवलं की लेखी होईल. लेखी झालं की आकडा लागू. न कळवता कसंबसं उरकलं तर निभावेल."

खुर्चीवाल्यांनी मनात दिवस मोजले. कळवलं असतं तर पलीकडच्या गल्लीतला फोमवाला दोन दिवसांत माल देत होता. उशीर होऊ नये म्हणून ठेवलेल्या कलमानेच निम्मा उशीर केला होता. आणि ते कलम त्यांनी खुर्चीतून न उठता, नावं बदलून, सव्वा मिनिटात केलं होतं.

पुढचे दोन महिने टपालवाला हा त्या गल्लीतला सर्वांत भीतिदायक माणूस होता. सायकलची घंटी वाजली की खुर्चीवाले गोदामात जाऊन खुर्च्यांच्या चौकटी मोजायचे. मोजून झाल्या की पुन्हा मोजायचे. बायको विचारायची, "अहो, त्या वाढतात का?"

निर्णय आला तो दुपारी. लिफाफा बायकोने घेतला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा फोडला, शेवटचं पान आधी वाचायचं म्हणून, आणि शेवटच्या पानावर फक्त सही होती. मग मागे मागे येत त्यांना सापडलं. कलम सतरा, नऊ दिवस, ठरलेल्या दराने, पूर्ण देय. नुकसानीच्या पुराव्याची गरज नाही. कलम अठरा दंडाच्या स्वरूपाचं, म्हणून अंमलात आणता येत नाही. दाखल्याच्या प्रतींपोटी संस्थेला काही खरं नुकसान सिद्ध करता आलेलं नाही. करारभंग झाला हे खरं, म्हणून नाममात्र भरपाई. ती रक्कम एवढी होती की तीत शाईची डबीसुद्धा आली नसती.

खुर्चीवाले खाली बसले. या वेळी मागे खुर्ची होती.

नऊ दिवसांची रक्कम लहान नव्हती. एक शिलाईचं यंत्र विकावं लागणार होतं. पण चारातलं एक गेलं तर तीन उरतात, हे गणित माणसाला करता येतं.

संध्याकाळी मेहुणा आला. आठ महिन्यांनी आला म्हणून बायकोने आधी त्याला झापलं, मग चहा टाकायला आत गेली. मेहुण्याने खिशातून दोन कागद काढले. एक होता चेक.

"नवातले सहा दिवस माझे," तो म्हणाला.

"तू साक्षीत चार म्हणालास."

"साक्षीत घाबरलो होतो. वही पाहिली, सहा आहेत. या खुर्च्या कुठे जाणार ते मला ठाऊक होतं, उशीर झाला तर तुम्हाला भुर्दंड पडणार हेही. तेवढं माझं. उरलेलं तुमचं रंगाचं."

रंगाचे तीन दिवस खरंच त्यांचे स्वतःचे होते. खुर्चीवाल्यांनी चेककडे पाहिलं, आणि नको म्हणावंसं वाटत असतानाच तो घेतला, कारण त्यावरचा आकडा खरा होता.

"यंत्र विकू नका," मेहुणा म्हणाला.

दुसरा कागद पत्र होतं. मूळ. तिरक्या शिक्क्याचं.

"ताईला दाखवलं नाही मी," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडेच ठेवा. नाहीतर फाडा."

खुर्चीवाल्यांनी ते चटकन ड्रॉवरमध्ये टाकलं, फाडायला सवड नव्हती, कारण आतून कपांचा आवाज येत होता. आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी पुढच्या फोमच्या ऑर्डरचा कच्चा कागद पुढे ओढला. उशिराच्या कलमापाशी त्यांनी जागा कोरी ठेवली होती. वरून काही उतरवून घ्यायला आता हात धजत नव्हता.

"एक दिवस उशीर झाला तर तुमचं खरोखर काय जातं?" मेहुण्याने विचारलं.

दोघे पेन्सिल घेऊन बसले. दोन शिलाईवाल्यांची रोजंदारी. ठरवलेल्या ट्रकचं थांबण्याचं भाडं. मेहुणा म्हणाला, चहा धरू नका, तो तुम्ही तसाही पिता. शेवटी आकडा आला.

"एवढाच?" मेहुणा म्हणाला.

"एवढाच."

"हा मी देऊ शकतो." त्याने आकड्याखाली रेघ ओढली. "मग मशीन बंद पडलं की त्याच दिवशी सांगेन. दिवसच मोजायचेत ना."

बायको चहा घेऊन आली. कप ठेवून तिने कागद उचलला, कारण टाइप तीच करणार होती. वाचत वाचत ती उशिराच्या कलमापाशी थांबली.

"दिवसाला एवढंच? बरं आहे, हिशेबाचं वाटतंय." मग तिने कागद खाली केला. "मागच्या ऑर्डरला काय होतं हो? ती तुम्हीच केली होतीत ना, मी नव्हते तेव्हा. त्या फाइलमधून नमुना काढून घेते."

मेहुण्याने कप तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही खाली आणला नाही. खुर्चीवाले पेन्सिलीला टोक काढू लागले. लवादासमोर, निदान शपथेवर, त्यांना खरं बोलता आलं होतं.

बायको दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत टेबलाला वळसा घालून आली, आणि फाइल काढायला तिने ड्रॉवर उघडला.